उपाशी लिव्हरचा एकच नकाशा: प्रकल्प नोंदी

९ जून

आज सगळ्या जुन्या वह्या पसरून बसलो आणि एक गोष्ट मोजली. ऑक्झॅलोॲसिटेट हे नाव माझ्या नोट्समध्ये पाच वेगवेगळ्या पानांवर आहे, सायट्रिक ॲसिड सायकलच्या पानावर, ग्लुकोनिओजेनेसिसच्या, म्हणजे नव्याने ग्लुकोज बनवण्याच्या पानावर, अमिनो ॲसिडच्या पानावर, फॅटी ॲसिड बनवण्याच्या पानावर आणि मॅलेट शटलच्या पानावर. आणि प्रत्येक पान मला पाठ आहे. पण कोणी विचारलं की बारा तास काही न खाल्लेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये आत्ता या क्षणी ऑक्झॅलोॲसिटेट कुठे जातंय, तर मला उत्तर येत नाही. कारण पाच पानांवर पाच ऑक्झॅलोॲसिटेट आहेत असंच डोक्यात बसलंय, आणि पेशीत तर ते एकच आहे ना.

म्हणून ठरवलं, एक मोठा कागद घ्यायचा, एकच पेशी काढायची, लिव्हरची, आणि एकच परिस्थिती, रात्रभर उपाशी. सगळं मेटाबॉलिझम एका कागदावर आणायचा प्रयत्न करणार नाही, भिंतीवर लावायचे असले चार्ट आधीपासून आहेतच आणि ते बघून मला काही सुचत नाही कारण तिथे सगळ्या पेशींतलं सगळं एकदम असतं, खाल्लेलं आणि उपाशी दोन्ही.

नियम तीन ठेवलेत. एका कप्प्यात एक रेणू एकदाच काढायचा, परत लागला तर बाण तिथपर्यंत ओढत न्यायचा, कितीही लांब जाऊ दे. प्रत्येक रेणूखाली कार्बनची संख्या लिहायची. आणि पुस्तक बंद करून काढायचं, अडलं की तिथे पेन्सिलीने गोल करायचा आणि शेवटी एकदमच पुस्तक उघडायचं.

११ जून

पहिला प्रयत्न फसला. ग्लायकोलिसिस वरून खाली काढलं, खाली सायकल काढली, बाजूला फॅटी ॲसिड तोडणारं बीटा ऑक्सिडेशन, मग लक्षात आलं की मायटोकॉन्ड्रियाची रेघ काढायला जागाच उरली नाहीये. म्हणजे मी परत तीन पानं एका कागदावर चिकटवली होती फक्त.

दुसऱ्या कागदावर आधी रेघ काढली. मायटोकॉन्ड्रियाचं आतलं आवरण, जाड काळ्या पेनने, कागदाच्या मधोमध आडवी. वर सायटोसोल, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरचा पेशीद्रव, खाली मॅट्रिक्स, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची आतली जागा. आता कुठलाही रेणू लिहायच्या आधी विचार करावा लागतो की हा रेघेच्या वर की खाली, आणि बाण रेघ ओलांडत असेल तर तिथे दार, म्हणजे त्या रेणूला पलीकडे नेणारं प्रथिन, आहे का. हा एवढा बदल केल्यावर कामाचा वेग एकदम कमी झाला आणि मला वाटतं ते चांगलं आहे, कारण प्रत्येक ठिकाणी मला माहीत नसलेलं काहीतरी सापडतंय. उदाहरणार्थ पायरुवेट कार्बोक्सिलेज रेघेच्या खाली आहे हे मला 'माहीत' होतं, पण त्यातून पुढे काय अडचण येते याचा कधी विचारच केला नव्हता.

१३ जून

ती अडचण आज पूर्ण दिवस पुरली.

उपाशी लिव्हरला ग्लुकोज बनवायचंय. समजा कच्चा माल ॲलॅनिन, स्नायूंकडून आलेलं. ॲलॅनिनचं पायरुवेट होतं, तीन कार्बन. पायरुवेट रेघ ओलांडून खाली मॅट्रिक्समध्ये जातं, त्याला दार आहे. तिथे पायरुवेट कार्बोक्सिलेज एक कार्बन जोडून, एक एटीपी खर्च करून ऑक्झॅलोॲसिटेट बनवतं, चार कार्बन. आता पुढचं एन्झाइम पेपसीके, ते ऑक्झॅलोॲसिटेटचं पेप, म्हणजे फॉस्फोइनॉलपायरुवेट, करतं. माणसात ते रेघेच्या दोन्ही बाजूंना असतं, पण मी वरच्या बाजूचं धरून चाललो होतो. तर ऑक्झॅलोॲसिटेटला वर यायला पाहिजे. आणि त्याला दारच नाही.

माझ्या सुट्या पानावर तिथे सरळ बाण होता. पायरुवेट, ऑक्झॅलोॲसिटेट, पेप, असा एका ओळीत. इतकी वर्षं तो बाण मी डोळे झाकून काढत आलो आणि त्यात एक भिंत आहे हे कळलंच नाही, कारण त्या पानावर भिंत काढलेली नव्हती.

तर ऑक्झॅलोॲसिटेट वेष बदलतं. मॅट्रिक्समधलं मॅलेट डिहायड्रोजनेज त्याचं मॅलेट करतं, त्यासाठी एक एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, खर्च होतो. मॅलेटला दार आहे, ते वर येतं. वर सायटोसोलमधलं मॅलेट डिहायड्रोजनेज उलटं काम करतं, मॅलेटचं परत ऑक्झॅलोॲसिटेट, आणि एक एनएडीएच परत मिळतो. पण आता तो एनएडीएच रेघेच्या वर आहे. म्हणजे नुसते चार कार्बन आले नाहीत, एक एनएडीएचसुद्धा त्यांच्या पाठीवर बसून वर आला.

आता हा एनएडीएच कशाला लागतो हे बघायला मी बाणावर बोट ठेवून वर वर गेलो, पेप, टू फॉस्फोग्लिसरेट, थ्री फॉस्फोग्लिसरेट, मग बिसफॉस्फोग्लिसरेट, आणि तिथे ग्लिसराल्डिहाइड थ्री फॉस्फेट डिहायड्रोजनेज उलट्या दिशेने चालवायचं तर नेमका एक एनएडीएच पाहिजे. सायटोसोलमध्ये. उपाशी असताना ग्लायकोलिसिस जवळपास बंद, मग सायटोसोलमध्ये एनएडीएच येणार कुठून? मॅलेटबरोबर. हिशोब चोख बसतो, एका पायरुवेटमागे एक.

मला हे कळल्यावर मी उठून दोन फेऱ्या मारल्या खोलीत. शटल हा वेगळा धडा आहे असं मी समजत होतो, 'इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या यंत्रणा' असं काहीतरी शीर्षक असलेला. तो वेगळा धडा नाहीये, ग्लुकोज बनवण्याच्या रस्त्यातलाच एक तुकडा आहे.

१४ जून

कालचं अर्धंच होतं. कच्चा माल लॅक्टेट असेल तर? लॅक्टेटचं पायरुवेट होताना सायटोसोलमध्येच एक एनएडीएच तयार होतो. मग मॅलेटवर बसवून दुसरा आणायची गरजच नाही. अशा वेळी मॅट्रिक्समधलं पेपसीके तिथेच खाली पेप बनवतं आणि पेप स्वतःच्या दाराने वर येतं. म्हणजे पेपसीके दोन ठिकाणी का आहे याचं उत्तर माझ्या नकाशात आपोआप दिसतंय, कच्चा माल कुठला यावर दार ठरतं.

ॲलॅनिनसाठी निळा बाण, लॅक्टेटसाठी तपकिरी. दोन्ही पेपला भेटतात आणि पुढे एकच रस्ता.

१५ जून

आज युरिया सायकल बसवली. तिसरं दार म्हणून ॲस्पार्टेट उरलं होतं. ऑक्झॅलोॲसिटेट नायट्रोजन घेऊन ॲस्पार्टेट होतं आणि तसंही वर येतं. पण या रस्त्याने एनएडीएच येत नाही, असं मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

मग युरिया सायकल काढली. ॲस्पार्टेट तिच्यात शिरतं, आपला नायट्रोजन देतं आणि त्याचा कार्बनचा सांगाडा फ्युमरेट म्हणून बाहेर पडतो, आणि हे घडतं रेघेच्या वर, सायटोसोलमध्ये. फ्युमरेटचं मॅलेट, मॅलेटचं ऑक्झॅलोॲसिटेट, आणि त्या शेवटच्या पायरीला एनएडीएच! म्हणजे ॲस्पार्टेट युरिया सायकलमधून फिरून आलं तर तेही वर एनएडीएच देऊनच जातं. पेन्सिलीचं वाक्य खोडलं.

उपाशीपणात अमिनो ॲसिडचा कार्बन ग्लुकोजकडे जातो आणि नायट्रोजन युरियाकडे, हे दोन वेगळे धडे म्हणून शिकलो होतो. कागदावर ते एकाच ॲस्पार्टेटवर येऊन भेटतात. क्रेब्जने हेन्सेलाइटबरोबर युरिया सायकल १९३२ मध्ये मांडली आणि सायट्रिक ॲसिड सायकल १९३७ मध्ये, एकाच माणसाच्या हातून आलेली दोन चाकं, आणि ती एकमेकांत अशी अडकलेली.

१९ जून

अभ्यासातली मैत्रीण आली होती, तिला नकाशा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, पण हे बघ, फॅटी ॲसिडपासून ॲसिटिल कोए होतं, ते सायकलमध्ये जातं, सायकलमधून ऑक्झॅलोॲसिटेट येतं, ऑक्झॅलोॲसिटेटपासून ग्लुकोज. बाण तर सलग आहेत. मग फॅटपासून ग्लुकोज होत नाही असं का म्हणतात?"

मी पटकन म्हणालो की होत नाही कारण पायरुवेटचं ॲसिटिल कोए करणारं पायरुवेट डिहायड्रोजनेज उलटं चालत नाही. ती म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण मी त्या बाणाने जातच नाहीये, मी सायकलमधून चाललेय."

बरोबर होतं तिचं. माझं पाठ केलेलं उत्तर तिच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. मग आम्ही दोघं कार्बन मोजायला बसलो, खाली आकडे लिहायचा नियम इथे कामाला आला. ऑक्झॅलोॲसिटेट चार, त्यात ॲसिटिल कोएचे दोन, सायट्रेट सहा. पुढे आयसोसायट्रेट सहा, मग एक कार्बन डायऑक्साइड जाऊन अल्फा किटोग्लुटरेट पाच, अजून एक जाऊन सक्सिनिल कोए चार, आणि तिथून ऑक्झॅलोॲसिटेटपर्यंत चारच. दोन आत आले, दोन बाहेर गेले. सुरुवातीला एक ऑक्झॅलोॲसिटेट होतं, शेवटी एकच आहे. जास्तीचं काही हातात आलंच नाही जे ग्लुकोजला देता येईल. जर ते एक ग्लुकोजला दिलं, तर पुढच्या ॲसिटिल कोएला जोडीदार नाही आणि सायकल रिकामी होत जाईल.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं, कारण मैत्रीण लाल पेन्सिल घेऊन बसली. तिने ॲसिटिल कोएचे दोन कार्बन लाल केले आणि पूर्ण फेरीभर त्यांना घेऊन गेली. आणि पहिल्या फेरीत बाहेर पडणारे दोन कार्बन लाल नाहीतच! ते जुन्या ऑक्झॅलोॲसिटेटचे आहेत. लाल दोघं आतच राहतात, फेरीच्या शेवटी ऑक्झॅलोॲसिटेटमध्ये बसलेले असतात. मग ते ऑक्झॅलोॲसिटेट मॅलेट होऊन वर गेलं तर लाल कार्बन ग्लुकोजमध्ये दिसणार.

आणि खरंच दिसतो. खुणेचा कार्बन असलेलं ॲसिटेट दिलं तर ती खूण ग्लुकोजमध्ये सापडते. तरीही निव्वळ ग्लुकोज वाढत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या समजायला दोन वेगळी कामं करावी लागतात, एक म्हणजे रंगाचा माग काढणं आणि दुसरं म्हणजे जमाखर्च मांडणं. रंग सांगतो की हा अणू कुठे गेला. जमाखर्च सांगतो की साठा वाढला का. आम्ही दोघं बाण सलग आहे म्हणून माल पोचतो असं धरून चाललो होतो, आणि नकाशाची हीच मोठी फसगत आहे, त्यावर जिथे बाण दिसतो तिथे निव्वळ वाहतूक असेलच असं नाही.

मग रिकाम्या जागी एक ठिपक्यांची वाट काढली, आयसोसायट्रेटपासून मॅलेटपर्यंत, दोन्ही कार्बन डायऑक्साइडच्या पायऱ्या चुकवणारी. ही ग्लायॉक्सिलेटची वाट, कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी १९५७ मध्ये मांडलेली. बॅक्टेरियात आणि उगवणाऱ्या तेलबियांत असते, म्हणून बी तेलापासून साखर करू शकतं. आपल्याकडे त्यातली दोन एन्झाइम्स नाहीत. ठिपक्यांच्या वाटेवर लाल फुली मारली.

फॅटमधून ग्लुकोजला जे थोडं मिळतं ते ग्लिसरॉलमधून, आणि विषम संख्येच्या फॅटी ॲसिडच्या शेवटच्या तीन कार्बनमधून. हे दोन बाण बारीक काढले.

२० जून

मग फॅट ग्लुकोजला काय देतं? कार्बन नाही, तर ताकद आणि इशारा. पाल्मिटेट, सोळा कार्बन, सात फेऱ्यांत तुटून आठ ॲसिटिल कोए होतात आणि सात एनएडीएच, सात एफएडीएच टू मिळतात. ते आठही ॲसिटिल कोए किटोन बॉडीजकडे, म्हणजे उपाशीपणात लिव्हर बाकीच्या शरीरासाठी बनवतं त्या इंधनाकडे, गेले असं धरलं, तरी नुसत्या फेऱ्यांतून साधारण अठ्ठावीस एटीपी येतात, सुरुवातीचे दोन वजा केले तर २६. आणि दोन पायरुवेटपासून एक ग्लुकोज करायला चार एटीपी, दोन जीटीपी लागतात, म्हणजे सहा. एका पाल्मिटेटवर चार ग्लुकोजचा खर्च सहज निघतो.

इशारा म्हणजे ॲसिटिल कोए स्वतः. ते पायरुवेट कार्बोक्सिलेजला चालू करतं आणि पायरुवेट डिहायड्रोजनेजला दाबतं. दोन्ही एन्झाइम्स माझ्या कागदावर पायरुवेटच्या दोन बाजूंना आहेत, म्हणजे हा रेल्वेचा सांधा आहे आणि त्याची दांडी फॅटच्या हातात. हिरव्या शाईने दोन रेघा काढल्या ॲसिटिल कोएपासून, एकीला अधिक, एकीला वजा.

२३ जून

खाल्लेल्या अवस्थेसाठी ट्रेसिंग पेपर वर ठेवून काढलं. जास्त लिहीत नाही, एकच गोष्ट. खाल्ल्यावर सायट्रेट वर येतं, तुटून सायटोसोलमध्ये ॲसिटिल कोए देतं, त्याचं मॅलोनिल कोए होतं, आणि मॅलोनिल कोए त्या दारावर बसतं ज्यातून लांब फॅटी ॲसिड आत जातात, कार्निटीनवर चालणारं सीपीटी वन. फॅट बनवणं चालू असताना फॅट जाळण्याचं दार बंद. ट्रेसिंग पेपर उचलला की मॅलोनिल कोए नाहीसं होतं आणि दार उघडतं. हे हाताने करून बघितल्यावर पाठ करायला काही राहत नाही.

२६ जून

नकाशाची खरी परीक्षा. मैत्रिणीने सरावासाठी एक केस लिहून आणली, निदान झाकून ठेवलं होतं. चौदा महिन्यांचं मूल, दोन दिवस उलट्या, रात्री काही खाल्लेलं नाही, सकाळी सुस्त, जागं होत नाही. रक्तातलं ग्लुकोज ३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लघवीत किटोन अगदी किंचित. रक्तात फ्री फॅटी ॲसिड भरपूर.

आधीच्या पद्धतीने मी यादी आठवायला लागलो असतो. या वेळी नकाशा समोर ठेवून बोटाने चाललो. ग्लुकोज इतकं खाली गेल्यावर किटोन खूप वर असायला पाहिजेत, नाहीयेत. तर बहुधा ॲसिटिल कोएच्या आधी कुठेतरी अडलंय. इन्सुलिन जास्त असतं तर फॅट सुटलंच नसतं आणि फ्री फॅटी ॲसिडही कमी असतं. इथे ते भरपूर आहे, म्हणजे फॅट लिव्हरच्या दारापर्यंत आलंय. अडथळा बहुधा दार आणि ॲसिटिल कोए यांच्या मधे आहे. एवढ्यातच नकाशाचा एक छोटा तुकडा उरला, सीपीटी वनपासून बीटा ऑक्सिडेशनच्या फेऱ्यांपर्यंत.

तिथे अजून एक माहिती मागितली, ॲसिलकार्निटीनचा रिपोर्ट, म्हणजे कार्निटीनला चिकटलेले फॅटी ॲसिडचे तुकडे लांबीप्रमाणे किती आहेत ते. तिने कागद पुढे केला, आठ कार्बनचं ऑक्टॅनॉइलकार्निटीन खूप वाढलेलं. दारच बंद असतं तर आतून काही साठून बाहेर आलं नसतं. सोळा कार्बनची साखळी आत गेली, लांब साखळीवरच्या एन्झाइमने तिला चौदा, बारा, दहा असं कापत आणलं आणि मधल्या लांबीच्या तुकड्यावर चालणारं एन्झाइम, मीडियम चेन ॲसिल कोए डिहायड्रोजनेज, तेच कमी पडलं. एमकॅड डेफिशियन्सी. तिने झाकलेला कागद उलटला, तेच होतं.

पण मी आधी लिहून ठेवलेला एक अंदाज चुकला, तो इथे नोंदवतो. मी म्हटलं होतं की सोळापासून आठपर्यंत चार फेऱ्या होतातच, चार ॲसिटिल कोए मिळतातच, तर निम्मे किटोन तरी दिसावेत. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी असतात. नंतर कळलं की कोएंझाइम ए हा मोजकाच असतो आणि तो न तुटलेल्या तुकड्यांवर चिकटून अडकून पडतो, मग मागून येणाऱ्यांना कोए मिळत नाही. माझ्या नकाशात मी कोए कुठेच साठा म्हणून काढला नव्हता, नुसतं रेणूच्या नावात होता. आता बाजूला एक छोटं डबकं काढलंय, 'मोकळा कोए', आणि त्यातून जाणारे आणि परत येणारे बाण. तसंच उलट बाजूची चूक म्हणजे किटोन शून्य असतील असंही धरायचं नाही, थोडे असतात, फक्त त्या ग्लुकोजच्या मानाने खूपच कमी.

ग्लुकोज का पडलं हेही २० जूनच्या हिरव्या रेघांतून वाचता आलं. ॲसिटिल कोए नाही, तर पायरुवेट कार्बोक्सिलेजला चालू करणारा इशारा नाही. एटीपी कमी, मॅलेटवर बसवायला एनएडीएच कमी. आणि किटोन नाहीत म्हणून बाकीचं शरीरही ग्लुकोजच ओढतंय. बनवणं कमी, वापर जास्त.

२७ जून

त्याच केसमध्ये अमोनियाही वाढलेला होता. काल मला ते फॅटशी जोडता येईना. आज मॅट्रिक्समधल्या ॲसिटिल कोएपासून निघणारे सगळे बाण परत बघितले आणि एक सुटलेला दिसला. युरिया सायकलच्या पहिल्या एन्झाइमला, कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज वनला, चालू करायला एन ॲसिटिल ग्लुटामेट लागतं, आणि ते ॲसिटिल कोए आणि ग्लुटामेटपासून बनतं. ॲसिटिल कोए कमी, तर हा इशारा कमी, तर युरिया मंद, तर अमोनिया वर. शिवाय युरिया बनवायला एटीपीही लागतो, तोही कमी. फॅटच्या एन्झाइममधला बिघाड अमोनियापर्यंत पोचला, आणि मधे एकच रेणू आहे.

उपचारही त्याच बाणांवर वाचता आले. शिरेतून ग्लुकोज दिलं की नुसतं रक्तातलं ग्लुकोज वाढत नाही, इन्सुलिन वाढतं, फॅट सुटणं थांबतं, मॅलोनिल कोए तयार होऊन सीपीटी वन बंद होतं, म्हणजे अडलेल्या रस्त्यावर नवीन गाड्या येणंच थांबतं. पुढे आयुष्यभर मुख्य काळजी एकच, जास्त वेळ उपाशी राहू द्यायचं नाही.

मैत्रीण म्हणाली, "मग मधल्या साखळीचं तेल देतात ना फॅटच्या आजारांत, ते इथेही चालेल का गं असं मला कोणी विचारलं तर?" नकाशात बघितलं. मध्यम साखळी कार्निटीनच्या दाराशिवाय आत जाते, म्हणून दारच बिघडलं असेल किंवा लांब साखळीवरचं एन्झाइम, तर ती वाट उपयोगाची. पण एमकॅडमध्ये ती थेट जिथे अडलंय तिथेच जाऊन पडणार. तर नाही द्यायचं. एकाच गटातले आजार म्हणून एकाच ओळीत पाठ केले असते तर इथे घातक चूक झाली असती.

२ जुलै

दुसरी परीक्षा, छोटी. उपाशीपोटी भरपूर दारू. अल्कोहोल दोन पायऱ्यांत ॲसिटेट होतं, पहिली सायटोसोलमध्ये, दुसरी मुख्यतः मॅट्रिक्समध्ये, दोन्हींत एनएडीएच बनतो. सायटोसोलमध्ये एनएडीएच तुंबला की पायरुवेटचं लॅक्टेट होतं, ऑक्झॅलोॲसिटेटचं परत मॅलेट होतं. १३ जूनला ज्या एनएडीएचची मी वाट बघत होतो तोच इतका जास्त झाला की ग्लुकोजचा रस्ता मागे ढकलला गेला. लॅक्टेट, ॲलॅनिन, दोन्ही रंगांचे बाण अडतात. ग्लायकोजेन शिल्लक असेल तर त्रास होत नाही, ते संपलं असेल तर ग्लुकोज पडतं, म्हणून उपाशीपोटी ही अट महत्त्वाची.

५ जुलै

नकाशाला जे जमत नाही तेही लिहून ठेवतो. वेग दिसत नाही. जाड बाण, बारीक बाण काढले तरी तो माझा अंदाज असतो. लॅक्टेट डिहायड्रोजनेज दोन्हीकडे चालतं आणि ते कुठे झुकेल हे एनएडीएच आणि एनएडीच्या प्रमाणावर ठरतं, ते प्रमाण कागदावर दाखवायला मला अजून चांगली खूण सापडलेली नाही. सध्या दोन्ही कप्प्यांत एक तराजू काढतो आणि परिस्थितीप्रमाणे पारडं झुकवतो.

आणि ही एकच पेशी आहे. स्नायूच्या पेशीचा असाच कागद काढला तर ग्लुकोज सिक्स फॉस्फेटेज नसल्यामुळे वरचा शेवटचा बाण खोडावा लागेल, आणि किटोन वापरायचं एन्झाइम, जे लिव्हरमध्ये नाही, त्याचा बाण स्नायूच्या कागदावर जोडावा लागेल. दोन कागद शेजारी ठेवून मधे रक्त म्हणून एक पट्टी, असा विचार आहे.

७ जुलै

कोऱ्या कागदावर, काही न बघता, परत सगळं काढलं. ५० मिनिटं लागली. जाड रेघ, तिन्ही दारं, युरिया सायकलची जोड, हिरवे इशारे सगळे आले. सुटलं ते एकच, एन ॲसिटिल ग्लुटामेटचा बाण, म्हणजे २७ तारखेला सापडलेला तोच. लाल पेनने काढला, आणि आता स्नायूचा कागद टेबलाला चिकटवलाय, त्यावर अजून फक्त मायटोकॉन्ड्रियाची रेघ आहे.